रोटरी पंप आणि बीएस-सहा डिझेल: पंप-रूममधल्या नोंदी

११ जानेवारी २०२४

गेली दोन-तीन वर्षं एकच प्रश्न वारंवार कानावर येतोय. "हे नवीन डिझेल कोरडं आहे म्हणे, पंप खातं. त्यात काय टाकू?" विचारणारे बहुतेक जुन्या जीप, जुने टेम्पो आणि ट्रॅक्टरवाले. कुणी टू-टी ऑइल टाकतो, कुणी इंजिनमधून काढलेलं काळं ऑइल, कुणी दुकानातली महागडी बाटली. तोंडी उत्तरं देऊन भागत नाही, म्हणून नोझलला दाबाने डिझेल पुरवणारा असा एक रोटरी पंप पूर्ण उघडून, कारण शोधून, पुन्हा बांधून, त्यावर इंधनाचा उपाय ठरवून सगळं लिहून ठेवायचं ठरवलंय.

पंप आज दारात आला. अण्णांची चार सिलिंडरची जीप, २००५ च्या आसपासची, व्हीई जातीचा रोटरी पंप. अण्णा रोज पहाटे वाड्यावस्त्यांवरून दुधाचे कॅन गोळा करून शीतकरण केंद्रावर पोचवतात. सकाळी थंड गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते. तिसऱ्या-चौथ्या थांब्याला बंद केली की सेल्फ फिरतो, धूर येत नाही, गाडी पकडत नाही. मग धक्का. दीड वर्षापूर्वी हाच पंप दुसरीकडे उघडून हेड रोटर, म्हणजे डिझेल दाबणारा प्लंजर आणि त्याचं हेड, बदललेला आहे, म्हणून अण्णांचा सगळा राग डिझेलवर.

गरम असताना स्टार्ट न होणं ही घासलेल्या प्लंजरची ओळख आहे, पण आधी बाकीचं बाजूला काढावं लागतं. रिटर्नला आणि फिल्टरनंतर पारदर्शक नळी लावून पाहिली, बुडबुडा नाही, म्हणजे एअर धरत नाही. बॅटरी आणि सेल्फचा वेग ठीक. मग गाडी चांगली गरम केली, बंद केली, सेल्फ मारला, नाही. इंजिन बंदच ठेवून पंपाच्या हेडवर ओलं फडकं गुंडाळलं आणि त्यावर थोडं थोडं थंड पाणी सोडत राहिलो. हेड हाताला कोमट लागल्यावर सेल्फ मारला, पहिल्या फटक्यात सुरू. (पंप फिरत असताना हे कधीही करू नये. बाहेरचं हेड आकसतं, आतला प्लंजर गरम असतो, आणि पंप जागेवर जाम होतो.)

असं का होतं, तर प्लंजर आणि त्याचं हेड यांच्यात फट असते दोन-तीन मायक्रॉनची. त्या फटीतून निसटणारं डिझेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे फट दुप्पट झाली की गळती आठपट. शिवाय डिझेल तापलं की पातळ होतं आणि आणखी निसटतं. इंजिन चालू असताना प्लंजर इतक्या वेगाने फिरतो की निसटायला वेळ मिळत नाही. सेल्फवर मात्र तो संथ फिरतो, आणि नोझल उघडण्याइतका दाबच तयार होत नाही. पाण्याने डिझेल पुन्हा दाट झालं, म्हणून गाडी पकडली.

१२ जानेवारी

पंप बेंचवर चढवला. सेल्फच्या वेगाला, म्हणजे मिनिटाला १०० फेऱ्यांना, चाचणीपत्रकात हवी त्याच्या निम्मीही डिलिव्हरी मिळत नाही. वरच्या वेगाला आकडे जवळपास बरोबर. कालचं निदान पक्कं झालं, मग पंप उघडला.

इथे जरा थांबून लिहितो, कारण "डिझेलने पंप खाल्ला" आणि "कचऱ्याने पंप खाल्ला" यांतला फरक भागांवर स्पष्ट दिसतो, आणि बहुतेक वेळा कुणी तो पाहतच नाही. हेड रोटर बदलून बिल हातात दिलं की काम संपतं.

अण्णांच्या प्लंजरवर, डिझेल आत येतं त्या खाचांच्या कडांपासून सुरू होऊन तिरक्या गेलेल्या बारीक रेघा आहेत. प्लंजर फिरतोही आणि पुढे-मागेही होतो, म्हणून रेघा तिरक्या. त्या पट्ट्यात धातूची चमक जाऊन तो धुरकट, बारीक सॅंडपेपर मारल्यासारखा दिसतो. बाकीचा प्लंजर आरशासारखा स्वच्छ. जिथून डिझेल जोरात आत-बाहेर जातं तिथेच झीज, हे कठीण कणांचं काम. प्लंजरला ढकलणाऱ्या कॅम प्लेटचे चारही उंचवटे चमकदार, रंग बदललेला नाही. रोलर बोटाने फिरवले तर मोकळे. रोलरच्या पिना भिंगातून पाहिल्या, एका बाजूने अगदी हलकं पॉलिश झालंय, चपटेपणा नाही. गव्हर्नरच्या खणात तळाशी पिवळसर तपकिरी डाग, म्हणजे कधीतरी पाणी गेलंय.

तुलनेसाठी ड्रॉवरमधला जुना कॅम प्लेट आणि रोलरचा संच काढला. तो भरपूर रॉकेल मिसळून चालवलेल्या पंपाचा. त्यातल्या पिना एका अंगाने चपट्या झाल्यात, रोलरच्या पाठीवर धातू ओढल्यासारखे ओरखडे आहेत, उंचवट्याच्या चढावर निळसर-तपकिरी झाक आहे. त्या पंपाच्या तळाशी चंदेरी गाळ मिळाला होता. वंगण संपलं की धातू धातूला चिकटतो आणि तुटतो, त्याच्या खुणा या अशा. प्लंजर मात्र त्या पंपाचा इतका वाईट नव्हता.

म्हणजे अण्णांच्या पंपात मुख्य गुन्हेगार कचरा, थोडं पाणी, आणि वंगणाची कमतरता असलीच तर तिसऱ्या नंबरवर.

१६ जानेवारी

अण्णा आले होते, त्यांना दोन्ही संच शेजारी ठेवून दाखवले. त्यांचा प्रश्न योग्य होता. "मग डिझेल कोरडं झालंय हे खोटं का?"

खोटं नाही. पण गोष्ट गंधकाची नाही. गंधक स्वतः पंपाला वंगण देत नव्हतं. रिफायनरीत डिझेलमधलं गंधक काढायला ते हायड्रोजनसोबत उच्च दाबाखाली उत्प्रेरकावरून नेतात. या प्रक्रियेत गंधकाबरोबर ऑक्सिजन आणि नायट्रोजन असलेली संयुगं आणि काही जड सुगंधी संयुगंही जातात. ही संयुगं अगदी थोड्या प्रमाणात असली तरी धातूच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात आणि तिथे एक पातळ पापुद्रा तयार करतात. दोन भाग इतके जवळ आले की मधलं डिझेल पिळून बाहेर जातं, तेव्हा धातूला वाचवतो तो हा पापुद्राच.

याचा पहिला मोठा फटका स्वीडनमध्ये बसला. तिथे १९९१ पासून करात सवलत देऊन अगदी कमी गंधकाचं डिझेल, दहा लाख भागांत १० भाग म्हणजे १० पीपीएमच्या आसपासचं, बाजारात आणलं. काही काळातच रोटरी पंप बिघडू लागले, काही तर थोड्याच हजार किलोमीटरमध्ये. त्यानंतर वंगणगुण वाढवणारी द्रव्यं रिफायनरीतच मिसळायला सुरुवात झाली आणि तो गुण मोजायची पद्धत ठरली.

आपल्याकडे बीएस-तीनला ३५० पीपीएम, बीएस-चारला ५० आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहाचं १० पीपीएम. पण आयएस १४६० या मानकात वंगणगुणाची मर्यादाही घातलेली आहे: ६० अंशांवरच्या घासण्याच्या चाचणीत झीजेचा व्रण ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा नको. युरोपातही हीच मर्यादा, अमेरिकेत ५२०. असं गंधक काढलेलं, काही न मिसळलेलं डिझेल बहुधा ही मर्यादा ओलांडतं, म्हणून पेट्रोल पंपावर पोचण्याआधीच त्यात द्रव्य मिसळलेलं असतं. अण्णांना एवढंच सांगितलं: "तुम्ही पेट्रोल पंपावरून घेता ते डिझेल कोरडं राहिलेलं नसतं, त्यात आधीच टाकलेलं आहे. आता त्याचं तुमच्या टाकीपर्यंत काय होतं ते बघू."

१९ जानेवारी

अण्णांच्या घरी गेलो. ट्रॅक्टर आणि जीप दोन्हींसाठी डिझेल एका लोखंडी बॅरलमध्ये साठवलेलं असतं, बॅरल उघड्यावर उभं, वरचं बूच सैल. हातपंपाची नळी थेट तळाला टेकलेली. बुडाशी गंजाचा चिखल आणि पाण्याचा थर. प्रत्येक वेळी बॅरल भरलं की ट्रॅक्टरमधून काढलेलं इंजिन ऑइल त्यात ओतायची सवय, "डिझेलला तेवढंच वंगण" म्हणून. हा सल्ला त्यांना एका मेकॅनिकने दिलेला.

जीपचा फिल्टर कापून पाहिला. कागद काळा होणारच होता. पण घड्यांच्या तळाशी ग्रीससारखा चिकट, फिकट तपकिरी थर मिळाला. पेट्रोलमध्ये हलवला तर काळेपण सुटलं, ग्रीस तसंच राहिलं. गरम व्हिनेगरमध्ये ठेवल्यावर ते सैल होऊन वर तेलकट तवंग आला. ही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे, पण दिशा मिळते: हा कॅल्शियमचा साबण आहे.

तो कुठून आला हे कळलं की काळ्या ऑइलचा विषय कायमचा संपतो. इंजिन ऑइलमध्ये आम्ल मारण्यासाठी कॅल्शियमची अल्कधर्मी द्रव्यं घातलेली असतात. डिझेलमध्ये रिफायनरीने वंगणासाठी मिसळलेलं द्रव्य अनेकदा स्निग्धाम्ल असतं. दोन्ही एकत्र आले, त्यात पाणी असलं, की साबण तयार होतो. तो डिझेलमध्ये विरघळत नाही, फिल्टरमध्ये बसतो. म्हणजे वंगण मिळावं म्हणून ओतलेल्या ऑइलने डिझेलमध्ये आधीच असलेलं वंगणद्रव्यच खाल्लं, फिल्टर बुजवला, आणि सोबत काजळी व झिजलेल्या धातूचे कण आणले. फिल्टर बुजला की अण्णा तो काढून झटकून पुन्हा बसवत. प्लंजरवरच्या रेघा तिथूनच आल्या असणार.

२४ जानेवारी

अण्णांचा ट्रॅक्टर याच बॅरलमधलं डिझेल पितो आणि त्याला काहीच झालेलं नाही. म्हणून अण्णांना वाटतं, जीपच नाजूक. कारण पंपाच्या रचनेत आहे.

ट्रॅक्टरला इनलाइन पंप आहे. त्यातला कॅमशाफ्ट, टॅपेट आणि रोलर, म्हणजे सगळा जड भार सोसणारे भाग, इंजिन ऑइलमध्ये बुडालेले असतात. डिझेलवर अवलंबून फक्त एलिमेंट आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह. विहिरीवरच्या एका सिलिंडरच्या इंजिनाचा पीएफ पंपही तसाच, कॅम इंजिनच्या पोटात आणि इंजिनच्या ऑइलमध्ये. या दोघांना डिझेलच्या वंगणगुणाची फारशी पडलेली नसते. कचऱ्याने मात्र तेही मरतात, फक्त हळूहळू.

रोटरी पंपात ऑइल नसतंच. व्हीईमधली वेन, शाफ्टचं बुश, कॅम प्लेट, रोलर, गव्हर्नरची वजनं, ॲडव्हान्सचा पिस्टन, प्लंजर, सगळं डिझेलमध्येच पोहतं. काही ट्रॅक्टरवर येतो तो डीपीए जातीचा रोटरी पंपही असाच. म्हणून कुणी "काय टाकू" विचारलं की माझा पहिला प्रश्न: पंप रोटरी की इनलाइन? इनलाइन असेल तर बाटलीचे पैसे चांगल्या फिल्टरवर घालावेत.

आणखी एक गल्लत इथेच नोंदवतो. बीएस-सहा आल्यावर काही जुने पंप शाफ्टच्या सीलमधून आणि वरच्या झाकणातून ओलावू लागले, आणि लोक ते "कोरड्या डिझेलने" झालं म्हणतात. हा वंगणाचा प्रश्न नाही. जुन्या नायट्राइल रबराची सीलं डिझेलमधली सुगंधी संयुगं शोषून वर्षानुवर्षं फुगलेली असतात. ती संयुगं कमी झाली की जुनं, कडक झालेलं रबर आकसतं आणि गळतं. अमेरिकेत १९९३ मध्ये कमी गंधकाचं डिझेल आलं तेव्हाही हेच झालं होतं. यावर कुठलीही बाटली चालत नाही, व्हायटॉन या वेगळ्या रबराची सीलं टाकायची. अण्णांच्या पंपाला तीच मागवली आहेत.

३ फेब्रुवारी

आता पर्यायांची तुलना. आधी मोजमाप समजून घेतलं, कारण सगळ्या बाटल्यांचे दावे त्याच्यावरच उभे असतात.

या चाचणीला एचएफआरआर म्हणतात. ६ मिलिमीटरची पोलादी गोळी पोलादी चकतीवर २०० ग्रॅम भाराने टेकवतात. दोन्ही थोड्याशा डिझेलमध्ये, ६० अंश तापमानाला. गोळी सेकंदाला ५० वेळा, एक मिलिमीटर अंतरात, ७५ मिनिटं घासतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली गोळीवरच्या व्रणाचा व्यास मोजतात. व्रण लहान तितका वंगणगुण चांगला. एकच नमुना एकाच यंत्रावर पुन्हा तपासला तरी पन्नास-साठ मायक्रॉनचा फरक येऊ शकतो, वेगळ्या प्रयोगशाळेत त्याहून जास्त. तेव्हा कुणी "आमचं ४३०, त्यांचं ४६०" म्हणालं तर त्याला अर्थ नाही.

अमेरिकेतल्या डिझेल गाड्यांच्या मालकांनी २००७ मध्ये वर्गणी काढून एका स्वतंत्र प्रयोगशाळेत बऱ्याच द्रव्यांची अशी तपासणी करून घेतली होती. मूळ डिझेल मुद्दाम काहीही न मिसळलेलं घेतलं, त्याचा व्रण ६३६. त्यात २ टक्के सोयाबीनचं बायोडिझेल घातल्यावर तो २२१ वर आला, यादीत सर्वांत चांगला. टू-टी ऑइल २०० भागांत एक या प्रमाणात घातल्यावर ४७४. वापरलेलं इंजिन ऑइल त्याच प्रमाणात घातल्यावर ६३४, म्हणजे काहीही न घातल्यासारखंच. काही बाटल्यांनी व्रण खूप कमी केला, काहींनी जेमतेम, आणि काहींचा आकडा मूळ डिझेलपेक्षाही जास्त आला. एकाच डिझेलवरची, प्रत्येकी मोजक्या तपासण्यांची ही यादी आहे, पण मोठे फरक विश्वास ठेवण्यासारखे आहेत.

लक्षात ठेवायचं ते हे की ती तुलना द्रव्य न मिसळलेल्या डिझेलवर आहे. आपल्याला मिळतं ते आधीच ४६० च्या आत आणलेलं असतं. वंगणद्रव्याचा परिणाम सुरुवातीच्या थोड्या मात्रेत झपाट्याने होतो आणि मग सपाट होतो. धातूचा पृष्ठभाग एकदा झाकला गेला की आणखी ओतून जागा नसते. टू-टी ऑइलने ६३६ चं ४७४ झालं म्हणून आपल्या डिझेलमध्येही तेवढाच फरक पडेल असं समजू नये.

मात्रा किती लहान असते ते एकदा मांडून पाहिलं. जीपची टाकी ६० लिटर धरली तर डिझेल सुमारे ५० किलो. रिफायनरीत मिसळतात त्या पट्ट्यातली, समजा २०० पीपीएम, मात्रा म्हणजे १० ग्रॅम शुद्ध द्रव्य. दोन चहाचे चमचे. बाजारातल्या बाटलीत बाकीचं बहुतेक रॉकेलसारखं द्रावकच असतं.

७ फेब्रुवारी

टू-टी ऑइलबद्दल वेगळं लिहितो, कारण गावोगाव तेच चालतं. २०० ला एक म्हणजे लिटरला ५ मिलिलिटर, ६० लिटरच्या टाकीला ३०० मिलिलिटर. जुन्या रोटरी पंपाला ते अपाय करत नाही, जेएएसओ एफसी दर्जाचं घेतलं तर राख आणि धूरही कमी. पण फायदा मध्यम आणि वर्षभराचा खर्च चांगल्या वंगणद्रव्याच्या जवळ जातो. बीएस-सहा गाडीत, जिथे धुराड्यात काजळीचा फिल्टर असतो, तिथे अजिबात टाकू नये. राख त्या फिल्टरमध्ये कायमची साठते.

एरंडेल टाकणारेही भेटतात. ते डिझेलमध्ये नीट मिसळतच नाही, थंडीत खाली बसतं. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल मिसळतं आणि वंगणही देतं, पण गरम नोझलवर त्याचा डिंक होतो. सिटेन, म्हणजे डिझेलची पेट घेण्याची तयारी, वाढवणारी बाटली वेगळ्या कामाची, तिच्यात वंगण असेलच असं नाही. लेबलवर वंगणगुणाचा स्पष्ट उल्लेख आणि लिटरला किती मिलिलिटर हे नसेल तर ती घेऊ नये. रॉकेल तर उलट दिशेचं. ते डिझेलपेक्षा बरंच पातळ, म्हणजे प्लंजरची गळती वाढवतं आणि वंगणही कमी करतं. ड्रॉवरमधला तो कॅम प्लेट त्याचाच पुरावा.

१० फेब्रुवारी

आज एक विक्रेता यंत्र घेऊन आला होता. फिरणाऱ्या पोलादी कड्यावर एक छोटा रोलर दांड्याने दाबायचा. साधं डिझेल टाकल्यावर कडं किंचाळून थांबतं, रोलरवर मोठी खाच पडते. त्याच्या बाटलीचे थेंब टाकले की दांड्याला लटकलं तरी कडं फिरत राहतं. आमच्याकडे काम करणारा दिनू एकदम भारावला. "दादा, घेऊया ना एक पेटी."

या यंत्रावरचा दाब कुठल्याही डिझेल पंपात नसतो. एवढ्या दाबाला आणि तापमानाला क्लोरीनयुक्त द्रव्यं धातूशी रासायनिक क्रिया करून थर तयार करतात आणि इथे हमखास जिंकतात. पंपाच्या आत तितकी उष्णता नसते, म्हणून ती क्रिया तशी होत नाही. उलट डिझेलमध्ये पाणी आलं की क्लोरीनमुळे गंजायचा धोका. विक्रेत्याला ६० अंशांवरचा एचएफआरआर अहवाल आणि मूळ डिझेलचा आकडा मागितला. अहवाल नव्हता. दिनूला मग भिंग देऊन दोन्ही कॅम प्लेट पुन्हा बघायला बसवलं.

१५ फेब्रुवारी

आकड्यांत बायोडिझेल सर्वांत वर आहे, आणि २ टक्के म्हणजे आयएस १४६० मध्ये परवानगी असलेल्या ७ टक्क्यांच्या बरंच खाली. ६० लिटरला १.२ लिटर. वनस्पती तेलाची मिथाइल एस्टर हीच मुळात वंगणद्रव्यं आहेत, म्हणून एवढा परिणाम. अडचण आहे ती चांगलं बायोडिझेल मिळण्याची. आयएस १५६०७ प्रमाणे बनवलेला माल असेल तरच हात लावावा. त्या नावाखाली भलतंच तेल विकलं जातं, म्हणून इथे वर्कशॉपमध्ये जमेल अशी एक तपासणी करतो.

काचेच्या बाटलीत २७ मिलिलिटर मिथेनॉल घेतलं, त्यात ३ मिलिलिटर बायोडिझेल. दोन्ही साधारण २० अंशांवर. जोरात हलवून अर्धा तास ठेवलं. चांगलं बायोडिझेल पूर्ण विरघळतं, तळाशी काहीच दिसत नाही. एका पुरवठादाराच्या नमुन्यात तळाशी तेलाचा थेंब जमला, म्हणजे प्रक्रिया अर्धवट होऊन मूळ तेल राहिलंय किंवा खनिज तेल मिसळलंय. तो माल परत. दुसऱ्याचा नमुना स्वच्छ निघाला. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे, बाष्पही वाईट, त्यामुळे हे उघड्यावर, हातमोजे घालून, विडीकाडीपासून दूर.

बायोडिझेलच्या दोन गोष्टी जपाव्या लागतात. ते पाणी धरतं आणि जुनं होत गेलं की आंबट होतं. म्हणून महिनोन्‌महिने साठवायचं नाही. दुसरं म्हणजे ते टाकीतली जुनी घाण सैल करतं, त्यामुळे पहिल्यांदा घातल्यावर फिल्टर लवकर बदलायची तयारी ठेवायची.

१८ फेब्रुवारी

पंप बांधला. नवा हेड रोटर, व्हायटॉनची सीलं, वेन आणि लायनर पुन्हा वापरात. कॅम प्लेट आणि रोलर तेच ठेवले, पिनांची झीज मर्यादेत आहे. बेंचवर १०० फेऱ्यांची डिलिव्हरी पत्रकाप्रमाणे, पूर्ण भाराची आणि आतल्या दाबाचीही. ॲडव्हान्सचा पिस्टन मोकळा चालतो.

इंधनाबाबत अण्णांशी असं ठरलं. बॅरल रिकामं करून घासलं, आडवं ठेवलं, बूच घट्ट, सावलीत. नळी तळापासून चार बोटं वर. काळं ऑइल बंद. जीपला पाणी साठवणाऱ्या वाटीचा फिल्टर लावला, आठवड्याला वाटीचा स्क्रू सैल करून पाणी सोडायचं, फिल्टर बुजला की नवा. एवढं झाल्यावर, आणि एवढं झाल्यावरच, जीपच्या टाकीत भरताना २ टक्के तपासलेलं बायोडिझेल. ते संपलं आणि चांगलं मिळालं नाही तर काहीच घालायचं नाही, टू-टीसाठी धावायचं नाही. पेट्रोल पंपावरच्या डिझेलमध्ये वंगणद्रव्य मर्यादेपुरतं आहेच. ट्रॅक्टरला आणि विहिरीच्या इंजिनाला काही मिसळायचं नाही.

"मग बायोडिझेल तरी कशाला?" अण्णांनी विचारलं. कारण कॅम प्लेट आणि रोलर जुने आहेत, पिनांवर पॉलिश दिसलेलं आहे, आणि त्या भागांना डिझेलशिवाय दुसरं वंगण नाही. १.२ लिटरचा खर्च त्या संचाच्या किमतीपुढे थोडा आहे. पिना नवीन असत्या तर मी आग्रह धरला नसता.

२६ फेब्रुवारी

पहिला फिल्टर उघडला. बायोडिझेलने टाकीतला गाळ सैल केलेला दिसतोय, कागदावर गंजाची पूड बरीच. ग्रीससारखा थर नाही. टाकी काढून धुतली, नवा फिल्टर. वाटीत पाण्याचा एक थेंब.

२१ मे

उन्हाळा ऐन भरात, गरम स्टार्टची खरी परीक्षा आताच. अण्णा दूध घालून थेट इकडे आले, बॉनेट उघडलं तेव्हा पंपाला हात लावता येत नव्हता. बंद करून थोडं थांबलो, सेल्फ मारला, लगेच पकडली. ओल्या फडक्याची गरज पडली नाही.

फिल्टर कापला. कागद एकसारखा राखाडी, साबण नाही, वाटीत पाणी नाही. सीलं कोरडी. रिटर्नचं डिझेल पांढऱ्या कागदावर टाकून भिंगातून पाहिलं, चंदेरी कण नाहीत. पिनांची खरी अवस्था पंप उघडल्याशिवाय दिसणार नाही, आणि नीट चालणारा पंप फक्त बघण्यासाठी उघडायचा नाही. पुढच्या सर्व्हिसला १०० फेऱ्यांची डिलिव्हरी पुन्हा मोजून फेब्रुवारीतल्या आकड्यांशेजारी लावेन.

दरम्यान अण्णांच्या चुलतभावाचा ट्रॅक्टर आलाय, डीपीए रोटरी पंप, गरम झाल्यावर रेस घेत नाही. त्यांच्याकडेही बॅरल आहे. पंप उतरवण्याआधी फिल्टर कापायला घेतलाय.